मामांनी मागवलेलं दरपत्रक

धुळवडीच्या दिवशी दुपारी आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर पेणमधून दरपत्रकाची एक मागणी आली. मागणी करणारे माझे मामा होते. गेली वीसेक वर्षं पेणमध्ये आमचा माल तेच विकत होते.

कंपनी दादाची, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची. रोह्याला गणपतीच्या मूर्तींसाठी पाण्यात मिसळायचे रंग बनतात. पहिला माल तयार झाला तेव्हा मामांनी डबे एसटीत घालून पेणला नेले आणि हमरापूर, जोहे इथल्या मूर्तींच्या कारखान्यांच्या दारात उघडून दाखवले. पुढे पेणला त्यांनी दुकान थाटलं. दर सोमवारी जोह्याची फेरी त्यांनी कधी सोडली नाही. दर ते कारखानदारासमोर बसून सांगत, फोनवर सांगत नसत. दरवर्षी भाऊबीजेला रोह्याला येत आणि आईच्या हातून ओवाळून घेत.

वेबसाइट करायचं दादाने ठरवलं तेव्हा मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून रोह्याजवळ वरशाला राहायला आले होते. मजकुराचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक रंगाचं एक माहितीपत्रक करायचं होतं: एका लिटरमध्ये किती पृष्ठभाग रंगतो, पाणी किती घालायचं, बोटाला लागणार नाही इतका कधी सुकतो, दुसरा हात कधी द्यायचा, डबा किती महिने टिकतो. आकडे प्रयोगशाळेतून यायचे. प्लास्टर आणि शाडू वेगवेगळा रंग पितात, म्हणून दोन्हींचे आकडे वेगळे दिले. तळाशी आवृत्ती आणि तारीख घातली, जुनं पत्रक कुणाकडे राहिलं तरी कळावं म्हणून.

कॅटलॉगची पहिली फाइल इतकी जड झाली की मामांच्या मोबाइलवर ती उघडेना. ते ऑफिसात खुर्चीत बसून गोल फिरणाऱ्या चिन्हाकडे पाहत होते.

"काय गो, तुझा कॅटलॉग अजून घाटच चढतोय."

मग छपाईसाठी एक आणि मोबाइलसाठी हलकी एक अशा दोन फाइली केल्या. पडद्यावर दिसणारी छटा खरी नसते, नमुनापट्टी मागवावी, अशी सूचनाही टाकली. छटांना कंपनीत नुसते क्रमांक होते. कारखान्यांमध्ये चालायची ती नावं मामांनी पाडलेली होती, तीच कॅटलॉगात घेतली. वाचून दाखवल्यावर मामा म्हणाले, "हे छापणार? मग माझा फोटो पण टाक. रंग उडालेला चालंल ना?"

दादा हसला. म्हणाला, "मामा, तुमचा फोटो टाकला तर लोक शाडूचा समजतील."

वेबसाइटवर दर नव्हते. व्यापाऱ्यांचा दर मालाच्या प्रमाणावर ठरतो. गिऱ्हाइकाने रंग निवडायचे, डब्याचा आकार आणि एकूण लिटर भरायचे, पिनकोड, जीएसटी क्रमांक आणि मोबाइल द्यायचा. मोबाइलवर आलेला आकडा टाकला की मागणी नोंदली जायची आणि तिला क्रमांक मिळायचा. पिनकोडवरून ती त्या भागातल्या विक्रेत्याकडे वळायची. पेण तालुक्यातली प्रत्येक मागणी मामांकडे जाईल, असं दादाने त्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं.

वेबसाइट सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात दादाने एक नियम वाढवायला सांगितला. शंभर लिटरच्या वरची मागणी, पिनकोड कुठलाही असो, थेट कंपनीकडे यावी. वेबसाइट बनवणाऱ्या मुलीने विचारलं, "पेणची पण?"

"पेणची पण," दादा म्हणाला.

मी मामांचं काय, असं विचारलं. दादाने कारण सांगितलं. मोठ्या कंपन्या जोह्यातल्या मोठ्या कारखान्यांना थेट दर देऊ लागल्या होत्या. मधल्या माणसाचा वाटा धरून आपला दर टिकत नव्हता. दोन कारखाने गेले की हंगाम गेला. "मामांना मी सांगतो," तो म्हणाला. त्याने सांगितलं नाही.

हंगामात मोठा कारखाना शंभर लिटरच्या आत काही मागत नाही.

होळीच्या आधीच्या सोमवारी मामा जोह्याला गेले. एका कारखानदाराने मोबाइल पुढे केला आणि कंपनीकडून आलेलं दरपत्रक दाखवलं. तो नंतर आम्हाला म्हणाला, "मामांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, दर चांगला हाय, घेऊन टाक. चहा पण पिऊन गेले."

धुळवडीला दुकान बंद होतं. मामांनी घरून मागणी भरली. मूर्तीच्या अंगाचा रंग, वीस लिटरचे डबे, एकूण एकशेवीस लिटर. दुकानाचं नाव, जीएसटी क्रमांक, सगळं बरोबर. फॉर्मच्या शेवटी मी एक प्रश्न ठेवला होता: आमच्याविषयी कुठून कळलं? पर्याय होते इंटरनेट, विक्रेता, ओळखीचे, इतर. मामांनी 'इतर' निवडलं आणि समोरच्या जागेत लिहिलं: भाचा लागतो.

मी लिहिलेलं उत्तर त्यांना आपोआप गेलं. 'आमच्या उत्पादनांत रस दाखवल्याबद्दल आभार. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.'

दुसऱ्या दिवशी दादाने ती मागणी उघडली. जोह्याला दिलेला दर मामांना विक्रेता म्हणून मिळणाऱ्या दराहून फार वेगळा नव्हता; तो पाठवला तर मामांचा वाटा उरला नाही हे लेखी कबूल केल्यासारखं होतं. विक्रेत्याचा पाठवला तर एकाच मालाचे दोन दर लेखी राहणार होते, एक जोह्यात आणि एक मामांच्या हातात. त्याने फोन केला, मामांनी उचलला नाही. मग तो पेणला गेला. मीही बरोबर होते.

मामांनी खुर्च्या पुढे केल्या. मामींनी पोहे केले. मामांनी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

दादा म्हणाला, "मामा, चूक झाली. ती मागणी काढून टाकू का?"

"का? सगळं नीट भरलंय मी."

"तुम्हाला दरपत्रक कसलं पाठवू मी?"

"सगल्यांना पाठवतोस ना? मला पण पाठव."

"इथंच सांगतो ना. तुम्ही म्हणाल तो दर."

"नाय रे बाबा. वेबसाइटवर मागितलंय, वेबसाइटवर दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोहे खा गो. थंड होतात."

परतताना नागोठणं मागे पडलं. मग दादा म्हणाला, "ओरडले असते तरी चाललं असतं."

त्याच आठवड्यात दादाने शंभर लिटरचा नियम काढला. पेणच्या सगळ्या मागण्या मामांच्या खात्यावर जाऊ लागल्या. त्या तिथे न उघडता पडून राहिल्या. हंगाम सुरू होता, कारखानदार थांबत नव्हते. मग त्या पुन्हा कंपनीकडे वळवाव्या लागल्या. पावसाच्या आधी मामांनी उरलेला माल टेम्पोने परत पाठवला. डबे सीलबंद होते. आमच्या नावाचा बोर्डही त्याच टेम्पोत होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. विक्रेत्यांच्या पानावर पेणसमोर त्यांच्या दुकानाचं नाव होतं. ते काढावं, अशी एक ओळ त्यांनी मला पाठवली. ते मी काढलं.

भाऊबीजेला आईने दुपारपर्यंत वाट पाहिली. मग ताट, सुपारी आणि निरांजन पिशवीत घालून ती मला म्हणाली, "चल, पेणला जाऊ." आम्ही रोह्याहून गाडी पकडली. मामा दारातच उभे होते. पाटावर बसले, ओवाळून घेतलं, आईच्या हातात साडी ठेवली. साडी आधीच आणून ठेवलेली होती.

आई म्हणाली, "भाऊ, दर वर्षी तू येतोस."

"आता तू येत जा," मामा म्हणाले.

दादाचं नाव कुणी काढलं नाही. निघताना आईने निरांजन विझू दिलं आणि गार झाल्यावर पिशवीत ठेवलं.

मामींनी सांगितलं, मामा अजून सोमवारी जोह्याला जातात. विकायला जवळ काही नसतं.

कॅटलॉगची नवी आवृत्ती निघाली आहे. छटांची नावं तीच आहेत.

मागण्यांची यादी रोज सकाळी दादा उघडतो. दर दिलेल्या मागण्या बंद होऊन खाली जातात. धुळवडीची मागणी यादीत सर्वांत वर आहे. तिच्यासमोर लिहिलेलं आहे: पाहिली, उत्तर बाकी.