आजीची मूठ किती ग्रॅमची

कारंज्यात खोली घेऊन राहत होते तेव्हा माझं पिठलं दर वेळी पातळ व्हायचं. आजीनं सांगितलं तसं चार मुठीच बेसन घालायचे. शेवटी चिडून एक वजनकाटा घेतला आणि गावी गेले. म्हटलं, तू घाल, मी मोजते.

"एक मूठ मोजू नको," आजी म्हणाली. "कमीजास्त होते. दहा मोज, मंग दहानं भाग."

तिच्या दहा मुठी तीनशे ग्रॅम भरल्या, म्हणजे एक तीस ग्रॅमची. हळदीच्या एका चिमटीनं तर काटा हललाच नाही. मग तिनं वीस चिमटी टाकल्या. सहा ग्रॅम झाले, त्याला वीसनं भागलं.

मी वहीत लिहिलं, चार मुठी बेसन, १२० ग्रॅम. पण पिठलं करताना तिनं पाच मुठी घातल्या.

"तू तं चार सांगतं," मी वैतागले.

"चार पयलेच्या. आता बोटं मिटत नाहीत, मुठीत कमी येते. म्हून पाच घेतो."

मी १२० खोडून १५० लिहिलं. ती पाच कधीपासून घेते, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. पिठल्याची चव कधी बदललीच नव्हती.