आमचे आठ दिवस, रामटेकचे आठ दिवस

पुतण्या हल्ली मोबाइलवर वस्तूंचे फोटो टाकून विकतो. माल त्याच्याकडे नसतो. ऑर्डर आली की कुठला तरी व्यापारी तो परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी पाठवतो. "काका, याले ड्रॉपशिपिंग म्हणतात," असे त्याने मला सांगितले तेव्हा हसू आले. ऐंशीच्या दशकात दादाने हेच केले होते, फक्त त्याला नाव नव्हते.

दादाचे नागपुरात दोरे, बटणे, सुया यांचे छोटे दुकान होते. त्याच्याच कमाईवर मी बी.कॉम. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे उपकार मी विसरलेलो नाही. साड्यांना पिको करायची मशीन तेव्हा नवी होती. ती दुकानात ठेवायला ना जागा होती, ना भांडवल. म्हणून दादाने वर्तमानपत्रात चित्रासह जाहिरात दिली: 'आठ दिवसांत घरपोच.' माल लुधियानाचा व्यापारी थेट गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवणार होता.

पहिली ऑर्डर रामटेकच्या एका शिंपीणताईंची. त्या स्वतः दुकानात येऊन पैसे भरून गेल्या. चार-पाच दिवसांनी मी सहज विचारले, "दादा, मशीन निघाली का?"

"निघालीच समज. तो लुधियानावाला म्हणे, माल हाय."

"कधी म्हणे?"

"मालाची यादी पाठवली होती ना त्यानं, दिवाळीच्या आधी."

आणि आता उन्हाळ्यातली लग्नसराई जवळ आली होती. त्याच यादीवरून आणखी किती दुकानदारांनी त्याच मशिनी विकल्या असतील, कोण जाणे. मी पोस्टात जाऊन लुधियानाला ट्रंक कॉल लावला.

"माल है जी. समझो निकल गया," व्यापारी म्हणाला.

"समझो नहीं. पेटी गोदाम में रखी है?"

मी तेच पुन्हा विचारले. मग, "दो-चार दिन में कंपनी से आ जाएगी."

म्हणजे पेटीच नव्हती. ती आली, की ट्रान्सपोर्टने नागपूर, तिथून दुसऱ्या गाडीने रामटेक. सगळे सुरळीत झाले तरी अजून तीन आठवडे जाणार होते. मी दादाला हे सांगितले.

"मंग? आठ-पंधरा दिवस इकडंतिकडं होतेच. तू काहून एवढा घाबरून राहिला गा?"

वहिनी आतून म्हणाली, "तुमचे आठ दिवस मले माहीत हायत. माहेरी आठ दिवसांत न्यायला येतो म्हणाले होते, दीड महिन्यानं आले!"

दादा हसला. मग त्याला एकदम काहीतरी आठवले. "ते बाई म्हणत होती, जुनी मशीन इकून टाकतो. आठच दिवसांचा तर प्रश्न हाय, म्हणे."

जुनी मशीन म्हणजे त्यांची रोजची कमाई. ती गेली आणि नवी आली नाही, तर ऐन लग्नसराईत त्यांचे हात रिकामे. दादाने स्वतःच मला बसचे पैसे दिले. "आत्ताच जा. आणि त्यांचे पैसेबी घेऊन जा. वापस पाहिजेत म्हणाल्या, तर देऊन टाक."

रामटेकला पोचेपर्यंत माझे लक्ष खिडकीबाहेर नव्हते. त्यांचे दार दिसण्याआधी मशीनचा आवाज ऐकू आला, आणि मी रस्त्यातच थांबून श्वास सोडला.

"ताई, ही मशीन विकली तर नाही ना?"

"उद्या येणार हाय घेणारा. काहून?"

मी काही लपवले नाही. माल आमच्याकडे नाही, व्यापाऱ्याकडेही आज नाही. मशीन गाडीत चढल्याची पावती, म्हणजे बिल्टी, हाती आल्याशिवाय तारीख सांगता येणार नाही. त्यानंतर साधारण दोन आठवडे. थांबायचे नसेल तर हे पैसे.

त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी पायडलवरचा पाय काढला. "अगं बाई! मी तं आठ म्हणजे आठच मोजून राहिली होती. बरं झालं भाऊ, आज आले. पैसे ठेवा. ही मशीन काही मी इकत नाही. पण बिल्टी आली की तुमच्या दादाले म्हणा, कळवा. गोड बोलू नका, खरं बोला."

परत आल्यावर जाहिरात बदलली. व्यापाऱ्याकडे पेटी आहे का, हे त्याच दिवशी विचारल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, माल संपला की जाहिरात थांबवायची, आणि मुदत बिल्टीपासून मोजायची. दिल्लीचा दुसरा व्यापारीही शोधून ठेवला. ऑर्डरी थोड्या कमी झाल्या, पण दुकानात भांडायला कोणी आले नाही.

ताईंची मशीन बिल्टीनंतर दोन आठवड्यांच्या आतच पोचली. पुढे लग्नसराई संपल्यावर त्या दुकानात दोरे घ्यायला आल्या. दोन्ही मशिनी चालू होत्या, जुनीवर त्यांची जाऊ बसत होती. दोऱ्याचा एक रंग संपला होता. दादा सवयीने म्हणाला, "आठ दिवसांत येते, ताई."

"कोणाचे आठ, भाऊ? तुमचे का माझे?"

दादा इतका मोकळा हसला, की बाहेरचे गिऱ्हाईक आत डोकावले. मग त्याने व्यापाऱ्याला विचारून कळवतो असे सांगितले, आणि कळवलेही. पुतण्याला मी ही गोष्ट सांगितली आणि एवढेच म्हणालो: फोटोखाली मुदत लिहिताना रामटेकचे आठ दिवस लिही, गिऱ्हाईक मोजते ते.