मधल्या पाटावरची रॅकेट

परळच्या त्या बॅडमिंटन क्लबात खंडेनवमीला रॅकेटींची पूजा होते. मधल्या पाटाचा मान पन्नाशीपुढच्या एकेरीत जिंकणाऱ्याच्या रॅकेटला. कित्येक वर्षं तो पाट प्रफुल्ल नांदगावकरचा होता. यंदा दादरहून गुरुदत्त क्लबात आला. उंच, रुंद खांद्यांचा. त्याने स्मॅश मारला की बाकांवरून टाळ्या पडायच्या. विंगेत उभ्या नटाला दुसऱ्याच्या वाक्यावर हशा ऐकून जे होतं, तेच प्रफुल्लला व्हायचं.

त्याच्या खेळाला टाळी नव्हतीच. तो उंच, लांब क्लिअर मारायचा. समोरचा मागच्या रेषेकडे धावेपर्यंत हा आरामात कोर्टाच्या मधोमध येऊन उभा. जिंकायचा, आणि लोक चहाला उठायचे.

फायनलला दोघे समोरासमोर आले. पहिल्याच रॅलीत गुरुदत्तने स्मॅश मारला, हॉल दणाणला आणि प्रफुल्लचं डोकं फिरलं. तोही प्रत्येक शटलवर स्मॅश मारत सुटला, अगदी मागच्या रेषेवरूनसुद्धा. गुरुदत्त ते शटल अलगद जाळीपाशी ठेवून द्यायचा. प्रफुल्ल मागेच, तोल सावरत. पहिला गेम गेला.

आनंदा, त्याचा जुना जोडीदार, पाण्याची बाटली घेऊन आला.

"कोणासारखं खेळतोयस रे?"

"कोणासारखं म्हणजे?"

"तिथून मारलेला स्मॅश पोचेपर्यंत त्याचा चहा पिऊन होतो. पुढे कोण धावणार, तुझा सासरा?"

बाकावर बसलेली प्रफुल्लची बायको, सुचित्रा, शांतपणे म्हणाली, "टाळ्या हव्यात का पाट, एकदा ठरवा."

प्रफुल्लचे कान लाल झाले. दुसऱ्या गेमला तो पुन्हा आपल्या खेळावर आला. क्लिअर, पुन्हा क्लिअर. गुरुदत्त मागे खिळला, त्याचा श्वास फुलला, त्याचे स्मॅश जाळीत जाऊ लागले. आता तो आणखी एक क्लिअर येणार म्हणून मागेच थांबला, की प्रफुल्ल हात तसाच उचलायचा आणि शेवटच्या क्षणी ड्रॉप टाकायचा. शटल जाळी ओलांडून लगेच खाली. दुसरा गेम प्रफुल्लने घेतला.

तिसऱ्याच्या शेवटी असाच ड्रॉप गुरुदत्तने धावत येऊन कसाबसा उचलला. शटल अर्ध्या कोर्टावर, डोक्यावर, आणि गुरुदत्त जाळीपाशी वाकलेला. स्मॅश मारावा तर इथेच. प्रफुल्लने मारला. हॉल उसळला.

गुरुदत्तने जाळीवरून हात पुढे केला. "नांदगावकर, हा ड्रॉप शिकवा मला."

"बघू," प्रफुल्ल म्हणाला.

खंडेनवमीला त्याची रॅकेट मधल्या पाटावर होती. पण गुरुदत्तच्या रॅकेटवर झेंडू जास्त होते. ठेवले होते क्लबातल्या मुलींनी. प्रफुल्लने इकडेतिकडे पाहून त्यातलं एक फूल उचललं आणि आपल्या रॅकेटवर ठेवलं.

"बघितलं हं मी," मागून सुचित्रा म्हणाली. "ठेवा परत."