'असावा'चं इंग्रजी

इंद्रपुरीतल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासात भाषेचे इतके खून पाहिलेत की कसायालाही शिसारी यावी. पण कारखान्यातल्या एका इंजिनिअरने कळस गाठला. वाफ गळाली होती आणि ठपका त्याच्या फिटरवर, नोकरी जायच्या बेतात. गळतीनंतर वाल्वचं चाक घट्ट आवळलेलं याने स्वतः पाहिलेलं. म्हणून 'त्याने वाल्व बंद केला असावा' हे त्याने जबाबात इंग्रजीत ठोकलं: 'ही शुड हॅव क्लोज्ड द वाल्व.'

"अहो, म्हणजे बंद करायला हवा होता, केला नाही! फासावर चढवलंत त्याला."

"सर, असावा म्हणजे शुडच ना? मतलब तोच."

"कपाळ माझं! मस्ट हॅव लिहा. आणि पुढे लिहा, ही कान्ट हॅव लेफ्ट इट ओपन. उघडा ठेवला असणं शक्यच नाही."

"पण जबाब तर सकाळीच दिला. फिटर इतका खूश, की हे तुमच्यासाठीही पाठवलेत."

त्याने पेढ्यांचा डबा पुढे सरकवला.

"उचला तो डबा," मी ओरडलो, "आणि जबाब बदलून येईपर्यंत इथे पाय ठेवू नका!"