दोन मिनिटांचं वचन

माईक हातात आला की माझा माझ्यावर ताबा राहत नाही, हे आधीच कबूल करतो. मालेगावच्या शाळेत मी मराठी शिकवतो. पण तालुक्यात मला लोक ओळखतात ते निरोप समारंभ, सत्कार आणि जयंत्यांचा सूत्रसंचालक म्हणून. आवाज बरा आहे, पाठांतर दांडगं आहे, आणि थांबायचं कुठे हे मला कुणी शिकवलं नाही. एकदा शाळेत लसीकरण होतं. मी प्रास्ताविकात रंगलो होतो. मेडशीच्या उपकेंद्रातून आलेल्या नर्सबाई लशीचा डबा घेऊन पुढे आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सर, माईक बंद करा. लस गरम होऊन राह्यली." मला इतका राग आला की त्या दिवशी मी चहासुद्धा घेतला नाही. पुढे तीन वर्षांनी आमचं लग्न ठरलं.

त्या विधवा होत्या. नवरा अपघातात गेला तेव्हा लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून मेडशीत म्हाताऱ्या सासऱ्यांना त्याच सांभाळत होत्या. मी बेचाळीस वर्षांचा, आईच्या आजारपणात लग्नाचं राहून गेलेला. आमच्याकडे विधवेचं लग्न म्हणजे पाट. चार माणसं, तिन्हीसांजेनंतरची वेळ, मांडव नाही, वाजंत्री नाही, जणू काही चोरीचा माल हलवायचा आहे. त्यांनी साफ सांगितलं, "भर दुपारी, मांडवात, माईकवर. नाईतं रजिस्टरवर सही हाय तेवढी पुरे." नोंदणी कार्यालयातलं काम उरकलंच होतं. मांडवात मंत्रांऐवजी दोघांनी आपापली वचनं स्वतः लिहून म्हणायची असं ठरलं. माझ्या तर अंगावर मूठभर मांस चढलं. लिहायचं आणि बोलायचं! माझाच प्रांत.

एका रविवारी बसून मी अकरा पानं लिहिली आणि हौसेनं फोनवर त्यांना वाचून दाखवली. सुरुवात "व्यासपीठावरील मान्यवर" अशी होती. पुढे स्त्रीमुक्तीचा इतिहास होता, समाजाच्या जाचक रूढी होत्या, आणि मग "अशा या एकाकी जीवनाला मी आधार देत आहे, तुझा स्वीकार करत आहे" असं वाक्य होतं. त्या वाक्यावर मी स्वतःच थोडा गहिवरलो होतो.

पलीकडून आवाज आला, "मी काय निराधार योजनेतली बाई हाय काय?"

मी काहीतरी सारवासारव केली. त्या चिडल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, मांडवात सगळं गाव बसन. मले उपकाराचा वास जरी आला ना, तं हातातला हार खाली ठेवून मी निघून जाईन. मंग मले बोल लावू नका." दिलेल्या शब्दाला ही बाई जागते, हे मला ठाऊक होतं. लशीचा डबा मी पाहिला होता.

लग्न लावणार होत्या कामरगावच्या एक निवृत्त शिक्षिका. अशी लग्नं त्यांनी पुष्कळ लावली होती. त्यांचा नियम असा की नवरानवरीनं आपलं वचन फक्त त्यांना दाखवायचं, एकमेकांना ऐकू जाईल ते मांडवातच. त्यातून एकाचं मोठं आणि दुसऱ्याचं चिमूटभर असं होत नाही, याची त्या खात्री करून घ्यायच्या. मी अकरा पानांची तीन केली आणि बसनं कामरगाव गाठलं.

बाईंनी मला अंगणात उभं केलं. "वाचा. मनात नाई, मोठ्यानं. लोकं बसले असं समजा." मोबाइलवर घड्याळ लावलं. तीन पानं संपायला साडेसहा मिनिटं लागली. बाई म्हणाल्या, "माईकवर, थांबत थांबत बोललं तं मिनिटाले शंभराच्या वर शब्द जात नाई. म्हंजे तुमाले दोनशे शब्द. दोन मिनिटांत जे मावत नाई, ते संसारातही निभत नाई."

मग लाल पेन निघालं. माझ्या बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात कुणी माझ्या वहीवर लाल पेन चालवलं नव्हतं, ते मीच चालवतो. इतिहास गेला. रूढी गेल्या. "सात जन्म" गेलं, कारण "पुढच्या जन्माचं कोन तपासनार?" उपमा सगळ्या गेल्या. "सदैव सुखात ठेवीन" याच्यासमोर त्यांनी लिहिलं: कसं?

शेवटी चार वाक्यं उरली. मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. तुला नोकरी करू देईन. पगार तुझ्याकडे ठेवू देईन. पहिल्या नवऱ्याचा फोटो घरात लावू देईन. सासऱ्यांना भेटायला जाऊ देईन. मला ती फार पुढारलेली वाटत होती.

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ह्या परवानग्या हायेत. तुमी काय तहसीलदार हाय? तिची नोकरी तिचीच हाय, पगार तिचाच हाय. तिले कराचं ते ती करन. तुमी काय करनार, ते सांगा. वचन म्हंजे आपल्या हातापायाचं काम."

मला तिथून निघून जावंसं वाटलं. खरंच, इतका अपमान कुठल्या स्पर्धेतही झाला नव्हता. पण बसमध्ये बसल्यावर दुसरीच भीती मनात आली. हाच तो वास. आधार नाही, स्वीकार नाही, तरी उपकार तोच, फक्त कपडे बदलून आलेला. बाईंनी गाळला नसता, तर मी मांडवात मोठ्या थाटात चार परवानग्या वाटल्या असत्या आणि हार खाली गेला असता.

मी काय करणार? खरं सांगतो, पुढचे सात दिवस मला उत्तर सुचलं नाही. विषय द्या, तासभर बोलतो. स्वतःच्या हातापायाचं काम विचारलं की ततपप. शेवटी लिहिणं सोडलं आणि नर्सबाईंना दिवसभरात काय काय अडतं ते एका कागदावर मांडलं. लसीकरण शिबिराच्या दिवशी जेवणाचा डबा करायचा राहतो. रजिस्टरं भरताना पाठ धरते. आणि सासरे. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, थेंब घालायला शेजारी होते, पण त्यांच्या मनाचं काय, हे नर्सबाईंनी मला एकदाच, अर्धवट बोलून दाखवलं होतं: "बाबा एकटे पडतीन." गावानं तर ठरवूनच टाकलं होतं की सून गेली म्हणजे म्हाताऱ्याचं दार बंद.

मग लिहिलं ते एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मावलं. उभं राहून मोठ्यानं वाचलं. दोन मिनिटं दहा सेकंद. जिथे जीभ अडखळली ते शब्द पुस्तकी होते, ते काढून घरात बोलतो ते घातले. एक मिनिट पन्नास. बाईंना फोनवर ऐकवलं. त्या म्हणाल्या, "आता याच्यात काई जोडू नका. मांडवात गर्दी पाहून तर मुळीच नाई."

लग्नाच्या दिवशी ऊन रणरणत होतं. मांडवात पंखे भिरभिरत होते, म्हणून पुठ्ठा बरा, कागद उडाला असता. पहिल्या नवऱ्याचे वडील अशा लग्नाला येत नसतात. पण हे आले. पांढरी टोपी, डोळ्यावर काळा चष्मा, अगदी मागच्या खुर्चीवर, कुणाशी न बोलता.

माझ्या हातात माईक आला. समोर चारशे माणसं, आणि सवयीनं ओठावर "व्यासपीठावरील" आलंच होतं. मी ते गिळलं. पाठ लोकांकडे केली आणि नवरीकडे पाहून बोलू लागलो.

"तू मले पहिल्यांदा भेटली तेव्हा माईक बंद कराले लावला. मले राग आला होता. पन त्या दिवशी पहिल्यांदा मले कोनीतरी खरं सांगितलं. तू मले असंच सांगत राह्य, मी ऐकीन. लगेच नाई ऐकलं, तं संध्याकाळपर्यंत ऐकीन." लोक हसले. त्या हसल्या नाहीत. "शिबिराच्या दिवशी तुझा डबा मी करीन. मले वरन-भातच येते, बाकीचं शिकीन. ज्याच्यासंग तू पहिला संसार केला, त्याचा फोटो समोरच्या खोलीत लावाले मी खिळा ठोकला हाय, फोटो तू आन. दर रविवारी आपन मेडशीले बाबांकडे जाऊ. तुले ड्युटी असली तं मी एकटा जाईन. आपलं भांडन झालेलं असलं तरी जाईन. एवढंच हाय माझ्याजवळ."

थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी थांबलो, आणि टाळ्या आल्या नाहीत. नवरीचं बोलणं आधी, मग हार, असा क्रम होता. त्यांनी माझ्या हातातला माईक घेतला. पुठ्ठा नव्हता, पाठ होतं.

"मी तुमच्यापाशी खोटं हसनार नाई," त्या म्हणाल्या. "त्याची आठवन आली तं लपून रडनार नाई, तुमच्यासमोर रडीन. तुमचं भाषन लांबलं तं तिथंच हातानं खुनवीन, घरी येऊन टोचून बोलनार नाई. तुमचं दुखलं-खुपलं मी नर्स म्हनून नाई, बायको म्हनून पाहीन. मी इथं कोनाच्या आसऱ्याले नाई आली. मले तुमी आवडता, म्हनून आली." आणि त्यांनी हार माझ्या गळ्यात घातला.

मला इतकं हलकं वाटलं की मी माझा हार घालायचाच विसरलो. लग्न लावणाऱ्या बाईंनी कोपरानं ढोसलं. मग हशा, मग टाळ्या, मग फुलांच्या पाकळ्या. मी हसत होतो की रडत होतो, ते व्हिडिओत पाहिलं तरी कळत नाही.

पंगत बसली तेव्हा मी वाढायला निघालो होतो. मागून काठीचा आवाज आला. मेडशीचे सासरे होते. त्यांनी माझा दंड चाचपून धरला आणि काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे पाहत राहिले.

"रविवारी येतो म्हनले तुमी," ते म्हणाले. "कितीक वाजता?"

"नऊपर्यंत येऊ बाबा. पहिल्या गाडीनं."

"नऊ?" त्यांनी दंड सोडला नाही. "मी तं सहालेच दार उघडून बसत जाईन."