दगडावरची एक ओळ

१५ ऑगस्ट, सकाळी आठ. आमचं गाव, सुप्याजवळ. हजर: मी (निवृत्त सुभेदार), नगरहून आलेला निवृत्त नायक सॅम्युअल, सरपंच, रहीमचाचा. गैरहजर: रहीमचाचांचा मुलगा, लान्स नायक युसूफ. स्मारक त्याचंच होतं.

युसूफ माझ्याच प्लाटूनचा. काश्मीरमध्ये रोजच्या पेट्रोलिंगवर असताना पुढच्या सेक्शनवर फायर आला. तिघे जखमी होऊन उघड्यावर पडले. युसूफनं आधी सॅम्युअलला पाठीवर घालून आणलं, मग दुसऱ्याला. तिसऱ्यासाठी निघाला तेव्हा मी रेडिओवर होतो. 'टू वन' ही रेडिओवरची त्याची खूण.

"टू वन, थांब. कव्हर येतंय. ओव्हर."

"थांबलो तर तो जाईल, साहेब. ओव्हर."

कव्हर पोहोचलं तेव्हा युसूफ आणि तो तिसरा, दोघेही गेले होते.

स्मारकाची सगळी कामं मी अंगावर घेतली होती. चौथरा, झेंडा, मंडप, चहा. मजकूरही माझ्याकडेच होता. सरपंचांनी सुचवलं, 'शौर्याचा अवतार'. मला वाटलं, युसूफ मुसलमान, त्याला त्यांच्यातला शब्द हवा. मी 'अवतार' खोडून 'पैगंबर' लिहिलं. कुणाला विचारलं नाही.

पडदा सरला. टाळ्या झाल्या. रहीमचाचांनी ओळ वाचली आणि मला मंडपामागे नेलं.

"सुभेदारसाहेब, अवतार म्हनला असता तर तुमची बोलायची रीत म्हनून गप ऱ्हायलो असतो. पैगंबर म्हंजे अल्लानं निवडून, निरोप देऊन धाडलेला मानूस. मानूसच. देव न्हाई, त्याची पूजा न्हाई. इब्राहीम, मूसा, ईसा; शेवटचे मुहम्मदसाहेब. त्यांच्या मागं कुनीच न्हाई. युसूफ हे बी पैगंबराचंच नाव हाय. नाव ठेवता येतं, साहेब. हुद्दा न्हाई देता येत. ह्या दगडाम्होरं हुबा ऱ्हायलो तर माझं इमान जातं."

आवाज चढला नव्हता. मान मात्र माझीच खाली गेली.

आमच्यात देव स्वतः देह घेऊन खाली येतो. राम झाला, कृष्ण झाला, कल्की व्हायचा आहे. म्हणून शूर माणसाला अवतार म्हणताना आमची जीभ अडत नाही. त्यांच्यात देव कधीच देह घेत नाही. निरोप पाठवतो, आणि ते निरोप आता पूर्ण झाले. हे दोन शब्द मी एकाच रकान्यात मांडले होते.

परतताना सॅम्युअल म्हणाला, "आम्ही मानतो, देव देहात आला, पण एकदाच. तो येशू. मोशे, यशया हे संदेष्टे, ते निराळे. मजकूर लिहिताना तुम्ही मला एक फोन तरी करायचा होता, साहेब. मी त्याच्याच पाठीवरनं आलोय."

त्याच दुपारी ओळ घासून काढली. तिथं आता खडबडीत पट्टा आहे. चाचा अजून स्मारकाकडे फिरकलेले नाहीत.

नवा मजकूर खिशात आहे: 'लान्स नायक युसूफ. दोघांना परत आणलं. तिसऱ्यासाठी गेला.' चाचांना वाचून दाखवल्याशिवाय कोरायचा नाही, असं ठरवलंय. त्यांचं घर माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.