तळाशी बसलेली हळद

तलासरीच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, तेव्हा मला भेसळ पकडायचा भारी सोस होता. मुलं घरून मिरचीपूड, हळद पुडीत बांधून आणायची. पेल्यात पाणी घ्यायचं, वर पूड भुरभुरायची, ढवळायचं नाही. लाल रेघा खाली उतरल्या, की मिरचीत रंग. पाणी गडद पिवळं झालं, की हळदीत रंग. एका आईला तर मी तिची वर्षाची मिरची फेकून द्यायला लावली. बाईंनी सांगितलं म्हटल्यावर तिने मुकाट्याने फेकली.

माझ्या घरात तयार पूड येतच नसे. उन्हाळ्यात बाजारातून हळकुंडं आणायची आणि डहाणू रोडला डंकावर समोर उभं राहून कुटून घ्यायची. अख्ख्या हळकुंडात कोण काय घालणार? मळकट, सुरकुतलेली बाजूला सारून मी पिवळीधमक, गुळगुळीत तेवढी निवडायची. हाताला पिवळी धूळ लागायची, तिचंही मला कौतुक. कुटल्यावर पेल्यात टाकून पाहिली. पूड खाली बसली, पाणी जेमतेम पिवळसर झालं. मग नरपडला राहणाऱ्या मुलीला ऐटीत डबा भरून दिला. नातू नुकता वरणभात खायला लागला होता. पुढेही दर वर्षी डबा गेला.

तो तीन वर्षांचा होत आला तरी धड बोलत नव्हता. पोट दुखायचं, औषध देऊनही अंगात रक्त भरत नव्हतं. डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला लावलं. ते खूप निघालं. काजळ, भांडी, भिंतीचा रंग सगळं विचारून झालं, मग मसाले प्रयोगशाळेत गेले. शिसं माझ्या हळदीत होतं. हळकुंडं चमकावीत म्हणून त्यांना शिशाचा पिवळा रंग चोळलेला होता. तो पाण्यात विरघळत नाही, हळदीसोबत गुपचूप तळाशी बसतो. हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी मुलांना शिकवत होते. माझी मलाच किळस आली.

दुकानदाराच्या घरीही तीच हळद खात होते. गोणी कुठून आली, ते त्याला नीट सांगता येईना. मी तक्रार केली, पण तोवर तो माल संपला होता. अधिकारी नव्या मालाचा नमुना घेऊन गेले.

हळद बंद केल्यावर नातवाच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरलं. मेंदूला जे झालं ते औषधाने भरून येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी मला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. परवा तिने एवढंच विचारलं, "आई, उद्या हा शाळेत मागे पडला तर ते यामुळेच, की तो तसाच असता, हे कसं तपासायचं?"

मी म्हटलं, "नाही तपासता येत."